प्रोग्रेसिव्ह जॅकपॉटचा मीटर: पैसे कुठून जमतात आणि मोठे बक्षीस इतके क्वचित का लागते?

अबोली (धागाकर्ती)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ गेले काही महिने ऑनलाइन स्लॉट खेळतो आहे, आणि त्यातही ज्या खेळाच्या वरच्या पट्टीवर जॅकपॉटचा आकडा सतत वाढताना दिसतो, तोच खेळ तो निवडतो. त्याच्याशी वाद घालण्याआधी हा प्रकार आपल्याला नीट कळला पाहिजे असे मला वाटले, म्हणून परवा मी वही घेऊन त्याच्या शेजारी बसले.

मी टिपलेले असे आहे. रात्री नऊ वाजता मीटर १९,००,२४० क्रेडिट दाखवत होता आणि दहा वाजता १९,००,८४०, म्हणजे तासाभरात तो ६०० ने वाढला. एक स्पिन १ क्रेडिटची असते. नियमांच्या पानावर तीन गोष्टी लिहिल्या आहेत: प्रत्येक पैजेतला १ टक्का जॅकपॉटमध्ये जातो, बक्षीस लागल्यावर मीटर पुन्हा १० लाखांपासून सुरू होतो, आणि जॅकपॉट धरून खेळाचा एकूण परतावा ९१ टक्के आहे. जॅकपॉट लागण्याची शक्यता किती, हे मात्र कुठेच दिलेले नाही. आधीच्या सहा बक्षिसांची यादी आहे, ती लाखांत अशी: १०.४, १७.३, ११.२, २४.६, १२.९ आणि १३.६.

भावाचे म्हणणे असे की सरासरी बक्षीस १५ लाखांचे आहे, मीटर १९ लाखांवर पोचला, दोन महिने कुणालाही लागलेले नाही, तेव्हा आता ते कधीही लागेल. माझे प्रश्न दोन आहेत. सुरुवातीचे १० लाख कोण घालतो? आणि इतके लोक एकाच वेळी खेळत असताना बक्षीस महिनोन्महिने लागत कसे नाही?

---

रानवारा

तुमच्या भावाचे म्हणणे पूर्ण चुकीचे नाही असे मला वाटते. मशीनमध्ये ठरावीक पैसे जमल्याशिवाय ते मोठी रक्कम सोडत नाही, आणि एकदा जमले की सोडावीच लागते. परदेशात नोकरीला असताना मी जुन्या फळांच्या चित्रांची मशिने पाहिली आहेत. तिथले नेहमीचे खेळाडू दुसऱ्याने बराच वेळ पैसे घालून सोडून दिलेल्या मशीनवरच बसत, आणि त्यांना त्याचा फायदा होताना मी स्वतः पाहिले आहे. जॅकपॉटही त्याच तत्त्वावर चालत असणार.

दुसरे असे की जितके जास्त लोक खेळतात तितकी प्रत्येकाची शक्यता कमी होते, कारण बक्षीस एकच आहे.

---

संख्याप्रेमी

अबोली, तुम्ही टिपलेल्या आकड्यांत तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत, म्हणून बाहेरचे उदाहरण न घेता तेच वापरतो.

आधी मीटरचा वेग पाहू. तासाला ६०० क्रेडिट वाढले आणि वाढ पैजेच्या १ टक्का आहे, म्हणजे त्या तासात सगळ्या खेळाडूंनी मिळून ६०,००० क्रेडिट लावले, म्हणजेच ६०,००० स्पिन झाल्या. एक माणूस न थांबता बटण दाबत राहिला तर तासाला साधारण ६०० स्पिन होतात. तेव्हा त्या वेळी जगात कुठे कुठे मिळून शंभरेक माणसे या एकाच मीटरखाली खेळत होती. त्यांच्या साइट वेगळ्या असतील, पण सर्वांच्या पैजेतला तो एक टक्का एकाच खात्यात जात होता.

आता न छापलेली शक्यता. सहा बक्षिसांची बेरीज ९० लाख होते, म्हणजे सरासरी १५ लाख. त्यातले १० लाख सुरुवातीचेच असतात, तेव्हा दर बक्षिसाआधी मीटर सरासरी ५ लाखांनी वाढला. १ टक्क्याच्या दराने ५ लाख जमायला ५ कोटी स्पिन लागतात. म्हणजे एका स्पिनला हे बक्षीस लागण्याची शक्यता सुमारे ५ कोटींत एक आहे. सहाच बक्षिसांवरून काढलेला अंदाज असल्याने तो बराच ढिला आहे. खरा आकडा ३ कोटी निघाला किंवा ८ कोटी निघाला तरी मला आश्चर्य वाटणार नाही, पण लाखांच्या घरात तो नक्कीच नाही.

यातूनच पहिल्या प्रश्नाचे उत्तर निघते. ५ कोटी स्पिनांत एकदा १० लाख द्यायचे, तर प्रत्येक पैजेतून २ टक्के त्यासाठी बाजूला पडले पाहिजेत. ते मीटरवर दिसत नाहीत. तेव्हा जॅकपॉटला खरे तर शंभरातले तीन जातात, एक सर्वांच्या डोळ्यांसमोर आणि दोन आतल्या आत, पुढच्या सुरुवातीच्या रकमेसाठी. कंपनी ते १० लाख पदरचे घालत नाही, तेही खेळाडूंचेच असतात. यादीतले १०.४ लाखांचे बक्षीस पाहा. ते अवघ्या ४० लाख स्पिनांत लागले, तोवर आतल्या वाट्यात फक्त ८०,००० जमले होते. अशा वेळी जाळे चालवणाऱ्याला आधीच्या लांबलेल्या फेऱ्यांत साठलेल्या शिलकीतून भर घालावी लागते. एकट्या लहान साइटला हे झेपले नसते. अनेकांना एका जाळ्यात जोडण्याचे हे मोठे कारण आहे.

रानवारा, तुमचा दुसरा मुद्दा मात्र बरोबर नाही. लोक वाढले की मीटर लवकर वाढतो आणि बक्षीस कॅलेंडरवर लवकर लागते, पण माझ्या एका स्पिनची शक्यता ५ कोटींत एक हीच राहते. शेजारी शंभर खेळोत की दहा हजार, तिच्यात फरक पडत नाही.

---

शंतनू_व

मला एक कळले नाही. शंभर माणसे खेळत आहेत आणि शक्यता ५ कोटींत एक आहे, तर उरलेले क्रमांक कुणाकडे असतात? काही सोडतींत न विकल्या गेलेल्या तिकिटाला बक्षीस लागले की ते पुढच्या सोडतीत जाते. इथेही तसेच होत असेल तर दर आठवड्याला कुठला तरी क्रमांक निघत असेल आणि तो कुणाकडेच नसेल, असे म्हणायचे आहे का?

---

अबोली

शंतनू, मला समजले आहे त्याप्रमाणे इथे सोडतीचा दिवसच नसतो. आधी क्रमांक वाटून मग एक काढायचा असा प्रकार नाही, तर प्रत्येक स्पिन ही स्वतःची स्वतंत्र सोडत असते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी तिचे उत्तर "नाही" असे येते. संख्याप्रेमी, चुकत असेन तर सांगा.

---

तुषारबिंदू

माझा अनुभव सांगतो, म्हणजे "क्वचित लागते" याचा आणखी एक अर्थ लक्षात येईल. काही वर्षांपूर्वी एका प्रवासात मी एका कॅसिनोत तीन रीलच्या मशीनवर बसलो होतो. वर मोठा मीटर चालू होता. मी तीनऐवजी एकच नाणे लावत होतो, कारण खिशात फार पैसे नव्हते. एका स्पिनला तिन्ही रीलवर जॅकपॉटचे चिन्ह मधल्या रेषेवर येऊन थांबले. मी उभाच राहिलो. कर्मचारी आला, त्याने काचेवरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले आणि एका नाण्याच्या रकान्यातली ठरावीक रक्कम माझ्या हातावर टेकवली. मीटरवरची रक्कम फक्त तीन नाणी लावणाऱ्यासाठी होती. मी बराच वेळ भांडलो, पण उपयोग झाला नाही. आजही मला ती फसवणूकच वाटते, कारण मीटर माझ्याही डोक्यावर चालू होता आणि माझ्या नाण्यातूनही तो वाढत असणार.

त्याआधीच्या तासाभरात निदान आठ-दहा वेळा ते चिन्ह रेषेच्या अगदी वर किंवा खाली येऊन थांबले होते. म्हणून मला वाटत होते की ते जवळ आले आहे.

---

जुना कारागीर

तुषार, तुमचे दुःख मी समजू शकतो. मी अनेक वर्षे अशी मशिने उघडून दुरुस्त केली आहेत आणि तुमच्या जागी उभी राहिलेली माणसे पाहिली आहेत. कमी नाण्यांना मीटर लागू नाही ही अट काचेवर लिहिलेली असते, पण बसताना ती वाचणारा माणूस मी क्वचितच पाहिला. काही ऑनलाइन खेळांत वेगळी पद्धत असते: कितीही लहान पैज लावा, जॅकपॉट मिळू शकतो, पण त्याची शक्यता पैजेच्या प्रमाणात असते. तेव्हा भावाच्या खेळाचे नियम या एका मुद्द्यासाठी पुन्हा वाचावेत.

चिन्ह रेषेच्या जवळ येऊन थांबण्याबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण बक्षीस क्वचित लागण्याचे यंत्रातले कारण तिथेच आहे. दार उघडले की आत तीन चाके दिसतात आणि प्रत्येकाच्या मागे एक लहान मोटर असते, जी चाकाला ठरावीक जागी थांबवते. चाकावर अशा २२ जागा असतात असे धरा: काहींवर चिन्हे, मधल्या कोऱ्या. प्रत्येक चाकावर जॅकपॉटचे चिन्ह एकदाच असेल, तर तिन्ही जुळण्याची शक्यता २२ गुणिले २२ गुणिले २२, म्हणजे १०,६४८ मध्ये एक. चाक जेवढे आहे तेवढेच मोजायचे असेल, तर याहून दुर्मीळ बक्षीस ठेवताच येत नाही, आणि म्हणून लाखो पट बक्षीसही ठेवता येत नाही. आणखी दुर्मीळ करायचे तर चाक प्रचंड मोठे करावे लागेल किंवा चाके वाढवावी लागतील, आणि मग माणूस त्या मशीनसमोर बसणारच नाही.

ही अडचण इंगे टेल्नेस यांच्या युक्तीने सुटली, तिचे अमेरिकेतले पेटंट १९८४ चे आहे. त्यात चाक काही ठरवत नाही. आतली चिप आधी एक मोठा यादृच्छिक आकडा काढते, समजा १ ते ३६८ मधला, आणि तो आकडा चाकावरच्या २२ जागांपैकी कुठल्या तरी एका जागेशी जोडलेला असतो. जॅकपॉटच्या चिन्हाच्या वाट्याला ३६८ पैकी एकच आकडा ठेवायचा, आणि कोऱ्या जागांच्या वाट्याला पुष्कळ. मग तीन चाकांची शक्यता ३६८ चा घन, म्हणजे ४,९८,३६,०३२ मध्ये एक अशी होते. नेवाडातल्या मेगाबक्स या प्रसिद्ध खेळासाठी सर्रास दिला जाणारा आकडा हाच आहे, आणि संख्याप्रेमींनी यादीवरून काढलेला ५ कोटींचा अंदाजही त्याच घरातला आहे.

आता तुमचे आठ-दहा वेळा "थोडक्यात हुकणे" घ्या. जॅकपॉटच्या चिन्हाच्या लगेच वरच्या आणि खालच्या कोऱ्या जागांना बरेच आकडे दिलेले असले, तर चाक वारंवार तिथे थांबते आणि ते चिन्ह खिडकीत रेषेला चिकटून दिसते. डोळ्याला वाटते की अर्ध्या इंचाने हुकले. चिपच्या दृष्टीने त्या दोन जागांचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो. मोटर फिरायला लागण्याआधीच निकाल ठरलेला असतो. दुरुस्ती झाल्यावर चाचणीसाठी मशीन फिरवताना मी स्वतःही त्या खिडकीकडे डोळे लावून बसत असे.

---

रानवारा

तुमचे वाचून बरेच समजले, पण मी पाहिलेल्या मशिनांचे काय? ती माणसे उगाच तिथे बसत नव्हती. मी ती नजरेने पाहिली आहेत.

---

जुना कारागीर

रानवारा, तुम्ही पाहिले ते खरे आहे. ब्रिटनमधल्या पबांत आणि करमणुकीच्या दालनांत असलेली अनेक मशिने आपला हिशेब आपणच सांभाळत: बराच काळ कमी दिले असेल तर पुढच्या डावांत देण्याचे प्रमाण वाढवत आणि जास्त दिले असेल तर हात आखडता घेत. अशा मशीनवर "दुसऱ्याने भरलेले" मशीन शोधण्याला अर्थ होता. आणखी एक प्रकार आहे, ज्यावर "अमुक रकमेच्या आत लागणारच" असे स्पष्ट लिहिलेले असते. तिथे बक्षीस कितीवर लागणार तो आकडा आधीच गुप्तपणे काढून ठेवलेला असतो, आणि मीटर त्याला टेकला की त्या क्षणी पैज लावणाऱ्याला ते मिळते. तिथे मीटर मर्यादेच्या जवळ जाणे याला खरोखर महत्त्व आहे.

पण अबोलीताईंनी दिलेल्या नियमांत अशी कुठलीही वरची मर्यादा लिहिलेली नाही. साधा प्रोग्रेसिव्ह खेळ मीटर वाचून निकाल ठरवत नाही. मीटर फक्त बक्षीस किती ते सांगतो, कधी ते सांगत नाही.

---

अबोली

म्हणजे भावाच्या "सरासरी ओलांडली" या म्हणण्याला काहीच आधार नाही असे समजू का? आणि समजा निकालाचा मीटरशी संबंध नाही, तरी बक्षीस मोठे झाले की खेळणे फायद्याचे होतच असेल ना? शक्यता तीच आणि रक्कम दुप्पट, तर कुठे तरी नफ्याची रेषा असायला हवी. त्याचा दुसरा युक्तिवाद हाच आहे, आणि त्याला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही.

---

संख्याप्रेमी

सरासरीचे आधी सांगतो. प्रत्येक स्पिन स्वतंत्र असेल, तर ५ कोटी स्पिन होऊनही बक्षीस न लागण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. आणखी ५ कोटी झाल्या की त्या ३७ च्या ३७ टक्के, म्हणजे साडेतेरा, आणि पुढेही तसेच. तुमचा मीटर १० लाखांवरून १९ लाखांवर गेला, म्हणजे ९ कोटी स्पिन झाल्या. इथवर न लागता पोचण्याची शक्यता साडेसोळा टक्के, म्हणजे साधारण सहा फेऱ्यांत एकदा हे घडतेच. तुमच्या यादीतही सहांपैकी चार बक्षिसे सरासरीच्या खाली आहेत आणि एक थेट २४.६ वर गेले आहे. अशा खेळाची यादी अशीच दिसते: बरीच लहान आणि मधूनच एखादे फार मोठे. आजपासून पुढे सरासरी किती स्पिन लागतील, याचे उत्तर पुन्हा ५ कोटी हेच आहे. आधीच्या ९ कोटींची कुठेही नोंद राहत नाही.

तुमच्या भावाचा दुसरा युक्तिवाद मात्र तर्काला धरून आहे, आणि त्याला हिशेबानेच उत्तर द्यायला हवे. एकूण परतावा ९१ टक्के, त्यातले ३ जॅकपॉटचे. म्हणजे बाकीच्या साध्या बक्षिसांतून खेळाडूला ८८ परत मिळतात आणि १२ जातात. ती १२ ची तूट भरून काढायला जॅकपॉट किती हवा? ५ कोटींचे १२ टक्के, म्हणजे ६० लाख. नफ्याची रेषा ६० लाखांवर आहे, १९ वर नाही.

तिथवर मीटर जायचा तर १० लाखांनंतर आणखी ५० लाख वाढायला हवेत, म्हणजे ५० कोटी स्पिन, सरासरी अंतराच्या दहापट, मध्ये एकदाही न लागता. हे सुमारे २२,००० फेऱ्यांत एकदा घडेल. तुमच्या मीटरच्या वेगाने एक फेरी सरासरी ३५ दिवसांची होते. पुढचा गुणाकार मी करत नाही.

हेच एका माणसाच्या बाजूने पाहा, कारण मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रोज आठ तास, तासाला ६०० स्पिन, एक दिवसही न चुकवता खेळले तर ५ कोटी स्पिन पुऱ्या व्हायला साडेअठ्ठावीस वर्षे लागतात. त्या काळात साध्या खेळात १२ टक्क्यांनी गेलेली रक्कम ६० लाख भरते. त्यातून मिळण्याची अपेक्षा काय, तर १५ लाखांचे एक बक्षीस. आणि साडेअठ्ठावीस वर्षांनंतरही ते न लागलेला माणूस दर तिघांत एकाहून थोडा जास्तच सापडेल. पानावर ९१ लिहिलेले आहे, पण जो जॅकपॉट जिंकत नाही, म्हणजे जवळजवळ प्रत्येक जण, तो ८८ चा खेळ खेळत असतो. उरलेल्या तीन टक्क्यांत सर्वांचे पैसे एकत्र येतात आणि एकाच्या खात्यात जातात. बक्षीस मोठे दिसते ते एवढ्याच कारणाने, आणि क्वचित लागते तेही याच कारणाने. शक्यता ५० लाखांत एक केली असती, तर त्याच तीन टक्क्यांत बक्षीस सरासरी दीड लाखाचे झाले असते, आणि त्याच्याकडे पाहून कुणी खेळ निवडला नसता.

---

मीनाक्षी_का

संख्याप्रेमी, तुमच्या हिशेबातली एक गोष्ट मला खटकते. तुम्ही फक्त संपलेल्या सहा फेऱ्या धरल्या, चालू फेरी सोडली. पण चालू फेरीतही ९ कोटी स्पिन झाल्या आहेत आणि बक्षीस लागलेले नाही, हीदेखील माहिती आहे. सहा फेऱ्यांतली वाढ ३० लाख, चालू फेरीतली ९ लाख, मिळून ३९ लाख, आणि त्यात बक्षिसे सहा. म्हणजे दर बक्षिसामागे साडेसहा लाखांची वाढ, आणि शक्यता साडेसहा कोटींत एक. तसे असेल तर नफ्याची रेषा ६० लाखांऐवजी ७८ लाखांच्या आसपास जाईल.

---

संख्याप्रेमी

तुमचे बरोबर आहे, चालू फेरी धरायला हवी होती. ती सोडली की खेळ आहे त्याहून सोपा दिसतो. मात्र शक्यता साडेसहा कोटींत एक धरली तर आतला वाटाही बदलेल: १० लाख भागिले साडेसहा कोटी, म्हणजे २ ऐवजी दीड टक्का. मग जॅकपॉटचा एकूण वाटा अडीच आणि साधा परतावा साडेअठ्ठ्याऐंशी होतो. तेव्हा तूट साडेअकरा टक्क्यांची आणि रेषा ७५ लाखांच्या जवळ येते. नेमका आकडा आपल्याला या यादीवरून कळणार नाही. ६० आणि ७८ यांच्यात कुठेही असला, तरी १९ पासून तो फार लांब आहे.

---

तुषारबिंदू

आणखी एक शंका विचारतो. ते जाळेच बंद झाले तर जमलेल्या पैशांचे काय होते? मीटरवर १९ लाख दिसत आहेत, त्यातले ९ लाख तर उघडउघड खेळाडूंनी घातले आहेत.

---

जुना कारागीर

नेवाडासारख्या कडक नियमांच्या ठिकाणी मीटरवर दाखवलेली रक्कम मनाला येईल तशी कमी करता येत नाही. खेळ काढून टाकायचा असेल तर खेळाडूंच्या पैजांतून वाढलेली रक्कम दुसऱ्या तशाच जॅकपॉटमध्ये वर्ग करणे, अशी बंधने असतात. तिथे मेगाबक्सचे जाळे १९८६ मध्ये सुरू झाले, वेगवेगळ्या कॅसिनोंतली मशिने टेलिफोनच्या तारांनी एका मध्यवर्ती संगणकाला जोडली गेली, आणि बक्षीस देण्याची जबाबदारी मशीन ज्या कॅसिनोत उभे आहे त्याची नसून जाळे चालवणाऱ्या आयजीटी कंपनीची राहिली. २००३ मध्ये लास वेगासच्या एक्सकॅलिबर कॅसिनोत त्यावर सुमारे ३ कोटी ९७ लाख डॉलरचे बक्षीस लागले. मीटरवरचा तो आकडा २५ वर्षांच्या हप्त्यांचा असतो. एकरकमी हवे असेल तर बरीच कमी रक्कम मिळते. नफ्याची रेषा काढताना हे आणि कर, दोन्ही वजा करायला हवेत, म्हणजे रेषा आणखी वर सरकते.

पण ऑनलाइन साइटला परवाना कुठला आहे, यावर सगळे अवलंबून आहे. परवानाच नसेल, तर तो मीटर खरोखर कुठल्या खात्याशी जोडलेला आहे की केवळ पडद्यावर फिरणारा आकडा आहे, हे बाहेरून ओळखण्याचा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. एक ढोबळ खूण अशी की तेच जाळे दुसऱ्या साइटवरही असेल, तर दोन्हीकडचा आकडा एकाच वेळी पाहावा. चलन वेगळे असेल तर रूपांतर करून पाहावा, आणि काही सेकंदांचा फरक सोडून द्यावा. आकडे जुळत नसतील तर प्रश्न विचारायला जागा आहे. जुळले तरी त्याने सगळे सिद्ध होत नाही.

---

अबोली

सहा दिवसांनंतर लिहिते आहे. काल सकाळी मीटर १०,०३,१०० दाखवत होता आणि यादीत सातवी रक्कम आली होती: १९.८ लाख. म्हणजे बक्षीस लागले. भावाला नाही. "बघ, मी म्हणालो होतो ना, लागणारच होते," असे तो म्हणाला, आणि क्षणभर मला उत्तर सुचले नाही.

मग आम्ही दोघांनी मीनाक्षींच्या पद्धतीने पुन्हा हिशेब मांडला: सात बक्षिसे, एकूण वाढ ३९.८ लाख, दर बक्षिसामागे ५.७ लाख, म्हणजे ५.७ कोटींत एक. त्याने या सहा दिवसांत केलेल्या स्पिन खात्याच्या नोंदीत मोजल्या, त्या ७,४०० भरल्या. त्याच काळात मीटर ८०,००० नी वाढला होता, म्हणजे सर्वांच्या मिळून ८० लाख स्पिन झाल्या होत्या. हे दोन आकडे त्याने एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ वहीकडे पाहत राहिला.

तुषार यांनी विचारलेले मी नियमांच्या पानावर शोधले. जाळे बंद झाल्यास काय, याबद्दल तिथे एक ओळही नाही. परवान्याचा क्रमांक पानाच्या तळाशी आहे. तो ज्या संस्थेचा म्हणून दिला आहे तिच्या नोंदवहीत खरोखर आहे का, हे आज संध्याकाळी पाहून इथेच लिहीन.